मालक नसलेल्या ठिकाणी दाद कुणाकडे मागायची?

दळण, पाणी, जनावरांची वैरण आटोपून रेडिओजवळ बसला असाल. आज आपण अशा त्रासाबद्दल बोलणार आहोत, जो आपल्याच माणसाकडून होतो, आपल्याच गटात होतो, आणि ज्याबद्दल बोलायची आपल्याला लाज वाटते.

नोकरीच्या ठिकाणी साहेबाने त्रास दिला तर वरचा साहेब असतो. कारखान्यात मालक असतो, कामगार कार्यालय असतं. पण बचत गटात, महिला मंडळात, भजनी मंडळात, गावच्या वाचनालयात आपण फुकट राबतो. तिथे पगार नाही, हजेरीपट नाही, मालक नाही. अशा ठिकाणची अध्यक्ष, सचिव किंवा संस्थाचालक एखादीला घालूनपाडून बोलायला लागली, तर ती जाणार कुठे? घरी सांगितलं तर उत्तर ठरलेलं, "पगार मिळतो का? मग सोडून दे की." कामगार कार्यालयात गेलं तर ते म्हणतात, तुम्ही कामगारच नाही, आम्ही काय करणार? आणि त्यांचं म्हणणं नियमाप्रमाणे बरोबरच असतं.

पण दाद मागायला जागाच नाही, असं मात्र नाही. ती कुठे असते हे आम्हाला एका ताईने शिकवलं. आम्ही तालुक्यातल्या गटांचं काम बघणाऱ्या चौघी समन्वयक आहोत. या ताईला आपण सचिवताई म्हणू. गावाचं, गटाचं नाव सांगत नाही, कारण ती सगळी माणसं अजून एकाच गावात नांदतात.

गट १२ बायकांचा, ११ वर्षं जुना. महिन्याला २०० रुपये बचत. अध्यक्षबाई पहिल्या दिवसापासून त्याच. गट उभा त्यांनीच केला, घरोघर फिरून बायका जमवल्या, बँकेत पहिलं खातं काढायला पदरचे पैसे घालून गेल्या. हे खरं आहे आणि ते विसरून चालणार नाही. त्यांचे दीर गावातले पुढारी. सचिवताई बारावी झालेली, गावात सून म्हणून आलेली. गटाची कॅशबुक, कर्ज खतावणी, प्रोसिडिंग, सगळं तीच लिहायची. मोबदला काही नाही.

एका बैठकीत तिने सहज विचारलं, "कॅशबुकात हातशिल्लक ८,४०० रुपये दिसतेय. पेटी आणली नाही का?" बस, एवढंच. त्या दिवसापासून चक्र फिरलं.

पुढच्या बैठकीची वेळ बदलली आणि ती तिलाच कळवली नाही. ती पोचली तेव्हा बैठक उठलेली, वर सगळ्यांदेखत, "शिकलेल्या बाईला वेळ पाळता येत नाही." तिने शेळ्यांसाठी १५,००० रुपयांचं कर्ज मागितलं होतं. तिच्यामागून अर्ज केलेल्या दोघींना कर्ज मिळालं, तिला तीन वेळा "पुढच्या महिन्यात बघू." रात्री दहा-साडेदहाला मोबाईलवर आवाजी निरोप यायचे, "गटातून काढून टाकीन, तुझी बचत बुडेल." हळदीकुंकवाला सगळ्यांना बोलावणं, तिला नाही. विहिरीवर बायका तिच्याशी बोलताना इकडेतिकडे बघायला लागल्या.

ती आमच्याकडे आली. आणि आम्ही काय केलं? आम्ही म्हणालो, "जाऊ दे गं ताई, मोठी बाई आहे, सांभाळून घे." ही आमची चूक. दोन महिन्यांनी ती परत आली ती सगळ्या वह्या पिशवीत भरून. म्हणाली, "या घ्या. मला आता बैठकीचा दिवस उजाडला की पोटात गोळा येतो." तेव्हा आमचे डोळे उघडले.

सख्यांनो, आधी एक गोष्ट नीट पाहून घेऊ. प्रत्येक भांडण म्हणजे छळ नव्हे. उशिरा आलं की दंड, हप्ता चुकला की विचारणा, हे सगळ्यांना सारखं लागू असेल तर ती शिस्त आहे. कितीही कडक वाटली तरी शिस्तच. छळ ओळखायची खूण वेगळी. तो पुन्हापुन्हा होतो, एकाच बाईला होतो, चारचौघांत तिला खाली दाखवण्यासाठी होतो, आणि तो करणारीच्या हातात काहीतरी असतं. कर्ज असतं, सही असते, पासबुक असतं, पेटी असते. आम्ही आणखी एक पाहिलं आहे. असा त्रास कितीतरी वेळा हिशोबाचा प्रश्न विचारल्यावर सुरू होतो. म्हणून त्रासाची तक्रार आली की आता आम्ही पहिलं विचारतो, "हे सुरू झालं त्याच्या आधी काय झालं होतं?"

मग आम्ही सचिवताईला म्हणालो, वह्या परत ने. राग म्हणून वह्या टाकून दिल्या तर उद्या हिशोबातला घोटाळा तुझ्याच नावावर येईल. सोडायचंच असेल तर शेवटी सोड, पण आधी हिशोब पूर्ण लिही, कुठली वही कुणाला दिली याची यादी कर, घेणारीची सही घे, आणि तुझी बचत किती, कर्ज किती, हे गटाकडून लिहून घे. सदस्य गट सोडते तेव्हा तिची बचत नियमाप्रमाणे तिला परत मिळते, तिच्याकडचं कर्ज वळतं करून. "तुझी बचत बुडेल" ही धमकी होती, नियम नव्हता.

दुसरं काम, एक साधी वही. त्यात झालेल्या गोष्टीची तारीख, जागा, नेमके शब्द आणि समोर कोण होतं, एवढंच लिहायचं. "मला फार वाईट वागवतात" असं लिहून उपयोग नाही. "५ तारखेची बैठक ४ वाजता ठरली होती, ती २ वाजता घेतली, मला निरोप नाही, निरोप कुणी कुणाला दिला ते अमुकीने सांगितलं," असं लिहायचं. आवाजी निरोप पुसायचे नाहीत. विश्वासाच्या दुसऱ्या फोनवरही ठेवायचे. आणि कोऱ्या विड्रॉवल स्लिपवर सही करायची नाही, कुणी कितीही गळ घातली तरी. दोन महिन्यांत तिच्या वहीत ९ नोंदी झाल्या. नऊ नोंदी वाचल्यावर ती स्वतःच म्हणाली, "मला वाटत होतं माझाच स्वभाव हळवा आहे."

तिसरं काम एकटीने न जाण्याचं. तिने दोघीतिघींशी शेताच्या बांधावर, एकेकीशी वेगळं बोलून पाहिलं. तेव्हा कळलं, तिच्या आधीच्या दोन सचिवही अशाच सोडून गेल्या होत्या. प्रत्येकीला वाटलं होतं की आपल्या एकटीचंच असं झालं.

आता खरी गोष्ट. मालक नाही, तर अध्यक्षाच्या वर कोण? सख्यांनो, गटात अध्यक्षाच्या वर बैठक असते. अध्यक्षपद बैठकीने दिलेलं असतं आणि बैठकच ते काढून घेऊ शकते. गटाची नियमावली असते, खातं उघडताना सगळ्यांनी सह्या केलेली. बहुतेकींनी ती पुन्हा उघडलेली नसते. या गटाच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलं होतं, दर तीन वर्षांनी पदाधिकारी बदलतील. ११ वर्षांत एकदाही बदल झाला नव्हता. म्हणजे कुणाला हाकलायची गरजच नव्हती. नियम पाळा, एवढंच म्हणायचं होतं.

पाच जणींनी सही करून अध्यक्षबाईंना पत्र दिलं, विशेष बैठक बोलवा म्हणून. विषय तीनच. एक, हातशिल्लक रक्कम सगळ्यांसमोर मोजावी. दोन, नियमावलीप्रमाणे पदाधिकारी निवडावेत. तीन, कर्जाचे अर्ज आलेल्या क्रमाने घ्यावेत. "अध्यक्षबाई त्रास देतात" हे वाक्य त्या पत्रात नव्हतं. याचं कारण आहे. बाईच्या स्वभावावर बैठक बोलावली की अर्ध्या बायका नात्यामुळे तिच्या बाजूला जातात, अर्ध्या घाबरून गप्प बसतात, आणि चर्चा कोण चांगलं कोण वाईट यावर घसरते. नियमावर बैठक बोलावली की प्रत्येकीला मत देता येतं, कुणाशी वैर न घेता.

अध्यक्षबाईंनी पत्र वाचून परत दिलं. म्हणाल्या, "बैठक मी सांगेन तेव्हा."

मग पुढची पायरी, ग्रामसंघ. उमेद अभियानातल्या गटांना गावपातळीवर ग्रामसंघ असतो, त्यावर प्रभागसंघ, आणि पंचायत समितीत तालुका अभियान व्यवस्थापन कक्ष. माविमच्या गटांना त्यांचं लोकसंचालित साधन केंद्र असतं. आपला गट कुणी बांधला ते पासबुकावर, नियमावलीवर किंवा शिक्क्यावर दिसतं. तिथे अर्ज द्यायचा तो लेखी, दोन प्रती करून. एक त्यांना, दुसरीवर तारखेसह "मिळाली" अशी सही, म्हणजे पोच. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज, हे पक्कं लक्षात ठेवा. सोबत आधीच्या पत्राची प्रत आणि वहीतल्या नोंदी.

इथे त्यांची मर्यादाही सांगायला हवी. ग्रामसंघ किंवा तालुक्याचे समन्वयक हे अध्यक्षबाईंचे मालक नव्हेत. ते त्यांना कामावरून काढू शकत नाहीत, कारण त्या कामावर नाहीतच. ते बैठक लावून देऊ शकतात, त्या बैठकीत बसू शकतात, वह्या तपासू शकतात, समजूत घालू शकतात. निर्णय गटातल्या बायकांनाच घ्यावा लागतो.

ग्रामसंघाने बैठक लावली. जागा समाजमंदिर, कुणाच्या घरी नाही, कारण अध्यक्षबाईंच्या ओसरीवर बसून त्यांच्याविरुद्ध कोण बोलणार? ग्रामसंघाच्या दोघी आल्या. दोन गोष्टी आधीच ठरवल्या होत्या. जिच्याबद्दल विषय आहे तिने त्या विषयापुरतं अध्यक्षस्थानी बसायचं नाही, आणि जिची तक्रार आहे तिने त्या विषयाचं प्रोसिडिंग लिहायचं नाही. म्हणजे सचिवताईनेही पेन खाली ठेवलं, तिसरीने लिहिलं. हे केलं नसतं तर उद्या कुणीही म्हणालं असतं, हिने हवं ते लिहून घेतलं.

१२ पैकी १० जणी आल्या. निवड हात वर करून नाही, चिठ्ठ्यांनी केली. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी दोन उमेदवारांच्या दोन खुणा ठरवल्या, एकीची फुली, एकीचा गोल. ७ चिठ्ठ्या नव्या अध्यक्षासाठी निघाल्या, ३ जुन्यांसाठी. चिठ्ठी निघाली तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अध्यक्षबाई खाली मान घालून बसल्या होत्या. अकरा वर्षं सांभाळलेलं पद गेलं की कुणालाही लागतं.

पेटी उघडली तेव्हा ३,४०० रुपये निघाले. ५,००० त्यांनी नात्यातल्या लग्नाला उसने दिले होते. ते दोन हप्त्यांत परत करायचं त्यांनी प्रोसिडिंगमध्ये लिहून सही दिली, आणि केलेही. पैसे परत आले नसते तर गटाला ठराव करून पोलिसांत लेखी तक्रार द्यावी लागली असती. विश्वासाने दिलेले पैसे स्वतःसाठी वापरणं हा गुन्हा आहे.

बँकेचं कामही सांगते, कारण तिथे पुष्कळ गट अडकतात. पदाधिकारी बदलले तरी बँकेत जुन्याच सह्या चालू राहतात. ठरावाची प्रत, त्यावर हजर सदस्यांच्या सह्या, पासबुक, आणि नव्या सही करणारींचं आधार, पॅन, फोटो घेऊन जावं लागतं. या गटाला त्यात तीन आठवडे गेले. आणि एक सावधगिरी. "आमच्यात वाद आहे" असा अर्ज घाईने बँकेत दिला, तर वाद मिटेपर्यंत बँक खात्यातले व्यवहार थांबवू शकते. मग कर्जाचा हप्ता अडकतो आणि भुर्दंड सगळ्यांना. पैसे काढले जाण्याची खरीच भीती असेल तर तो अर्ज जरूर द्या, पण परिणाम माहीत असू द्या.

आता हे सगळं गटाचं झालं. मंडळ किंवा संस्था नोंदणी केलेली असेल, तर आणखी एक दार आहे. अशा संस्थेकडे नोंदणी क्रमांक असतो आणि महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० खाली ती धर्मादाय कार्यालयाच्या नजरेत असते. हे कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी असतं. कार्यकारिणी बदलली तर तो बदल ९० दिवसांत तिथे कळवावा लागतो, दरवर्षीचे हिशोब द्यावे लागतात. संस्थेच्या सभासदाला तिथे अर्ज करता येतो. पण ते कार्यालय बघणार ते हिशोब, निवडणूक, घटना पाळली की नाही, पैशाचा गैरवापर झाला का, हे. "मला टोमणे मारतात" यावर ते आदेश देतील अशी आशा धरू नका. तिथेही नियमाच्याच वाटेने जावं लागतं.

आणि त्रास लैंगिक असेल तर? संस्थेचा एखादा पदाधिकारी अंगचटीला येत असेल, घाणेरडं बोलत असेल, काम हवं असेल तर ऐक म्हणत असेल, तर इथे कायदा आपल्या बाजूने ठाम आहे. २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या कायद्यात फुकट काम करणारी, स्वेच्छेने काम करणारी बाईसुद्धा येते. संस्था, ट्रस्ट, सोसायटी हीही कामाची ठिकाणंच धरली आहेत. दहापेक्षा कमी माणसं काम करत असतील, किंवा तक्रार संस्थेच्या प्रमुखाविरुद्धच असेल, तर प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते, तिच्याकडे तक्रार करायची. जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे तिची चौकशी करा. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यावी लागते. उशिराचं खरं कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून द्यायला मदत करणं समितीचं काम आहे. पगार नाही म्हणून तक्रार नाही, असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे, हे ठामपणे सांगा.

साध्या शिवीगाळीत आणि धमकीत पोलीस बहुतेक वेळा अदखलपात्र नोंद करतात, ज्याला आपण एनसी म्हणतो. त्याने लगेच अटक होत नाही, पण कागदावर तारीख येते. पुढे गोष्ट वाढली तर ती तारीख कामाला येते. अनुसूचित जाती-जमातीच्या सखीला चारचौघांत जातीवरून अपमानित केलं, तर ती साधी शिवी नाही. तो अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा गंभीर गुन्हा आहे आणि पोलिसांना तो नोंदवावाच लागतो. मारहाण होत असेल, जीवाची भीती असेल तर ११२ वर फोन करा, बैठकीची वाट बघू नका.

आणि कुठल्या दारात जायचं हेच कळत नसेल, तर तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. बाईला तिथे वकिलाचा सल्ला फुकट मिळतो, तिचं उत्पन्न किती हे न बघता. त्यांचा फोन क्रमांक १५१००. महिलांसाठीची मदतवाहिनी १८१. जाताना ती साधी वही सोबत न्या. वकील पहिला प्रश्न तारखेचाच विचारतात.

आता सचिवताईचं काय झालं, हे तुम्ही विचारालच. तिला तिच्या क्रमाने कर्ज मिळालं, तीन शेळ्या घेतल्या. जुन्या अध्यक्षबाई गटात आहेत, बचत वेळेवर भरतात. दोघींत बोलणं कामापुरतंच आहे. त्यांच्या नात्यातली एक बाई गट सोडून गेली, आता गटात ११ जणी आहेत. गटाने नियमावलीत तीन ओळी नव्या घातल्या. बैठकीची वेळ बदलायची तर आदल्या दिवशी सगळ्यांना निरोप. पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे, आणि मोजणी दर बैठकीत. कर्जाच्या अर्जावर तारीख आणि क्रमांक. यातल्या एकाही ओळीत छळ हा शब्द नाही. पण ज्या तीन गोष्टी हातात धरून छळ झाला होता, वेळ, पैसा आणि कर्ज, त्या आता एकीच्या हातात राहिल्या नाहीत.

सख्यांनो, या आठवड्याच्या बैठकीत एक करा. आपल्या गटाची नियमावली पेटीतून बाहेर काढा आणि जिला वाचता येतं तिने ती सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. पदाधिकारी किती वर्षांनी बदलायचे ते तिथे काय लिहिलं आहे, ते ऐका. आणि वाचायला घेतल्यावर कुणाला राग आला, तर ती तारीखही लिहून ठेवा.

पुढच्या बुधवारी भेटू. नमस्कार.